अर्जाचा मुहूर्त

नोकरीचा अर्ज लिहून झाला ना? मग आता हात आवरा. लिहिल्या लिहिल्या पाठवणारा माणूस गरजू दिसतो. कंपनीला गरजू माणूस नको असतो, तिला योग्य वेळी मेल पाठवणारा माणूस हवा असतो. तेव्हा अर्ज ड्राफ्टमध्ये ठेवा, चहा टाका आणि दिवस बघायला बसा. मुलगी बघायला जाताना बघतो, गाडी घ्यायला जाताना बघतो, मग अडीच लाखांच्या पॅकेजला काय घोडं मारलंय?

दिवस बघण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली इंटरनेटची. तिच्यानुसार सोमवारी माणसं तुंबलेल्या मेल उपसत असतात, शुक्रवारी त्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, शनिवार-रविवारी तर इनबॉक्सकडे कुणी फिरकतही नाही. म्हणून मंगळवार, सकाळी दहा. हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं आहे की खोटं असणं शक्यच नाही. फक्त एक गोष्ट विचारू नका, की हे कुणी मोजलं. विचारलंत तर कळेल, की मोजणारे बहुतेक एकगठ्ठा जाहिरातीच्या मेल पाठवून देणारे लोक. साड्यांच्या सेलची मेल हजारो लोकांना जाते, तिच्यात डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र असतं आणि ते चित्र लोड झालं की 'मेल उघडली' अशी नोंद होते. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आली, की ती सुरू असली तर चित्रं आधीच लोड होऊन बसतात, मग फोन खिशात का असेना. म्हणजे माणूस ऐरोलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो आणि तिकडे नोंद होते, की त्याने साड्या बघितल्या. तुमच्या अर्जात ठिपका नाही, तो हजारो लोकांना जात नाही, त्याला वाचणारी एकच बाई आहे. पण मंगळवार दहा म्हणजे दहा. शास्त्र आहे.

दुसरी पद्धत पंचांगाची, आणि मला विचाराल तर तीच जास्त प्रामाणिक, कारण ती निदान आकडेवारीचा आव आणत नाही. दिवसाचे आठ भाग करायचे, त्यातला एक राहुकाळ. सूर्योदय सहाला धरला तर सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा, आणि मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार. मंगळवारची सकाळ मोकळी! दोन्ही शास्त्रं एका जागी आली म्हणून मी खुर्चीतून उठलोच होतो, तेवढ्यात चौघडिया आठवला. मंगळवारी दहाला 'चल' असतो, 'लाभ' लागतो साडेदहाला. आणि गंमत बघा, दुपारी तीन ते साडेचार 'शुभ' असतो, म्हणजे नेमका राहुकाळातच. एकाच दीड तासात शुभ आणि राहू दोघं शेजारी बसलेले, फास्ट लोकलच्या चौथ्या सीटसारखे.

इथे घाई करणारा फसतो. ते सहाचं गणित सोपं करून सांगितलेलं आहे. जानेवारीच्या मध्यावर ठाण्यात सूर्य साधारण सव्वासातला उगवतो आणि सहा वीसच्या सुमाराला मावळतो. मग एकेक भाग दीड तासाचा न राहता 83 मिनिटांचा होतो आणि मंगळवारचा 'लाभ' लागतो अकरा वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे दहाला पाठवली तर इंटरनेट खूश, साडेअकराला पाठवली तर पंचांग खूश. मधला मार्ग काढायला जाऊ नका, पावणेअकराला दोघंही नाराज होतात.

हे सगळं मी माझ्या भाच्याला शिकवलं. त्याचं उदाहरण सविस्तर देतो, म्हणजे पद्धत नीट कळेल.

गुरुवारी संध्याकाळी महापेच्या एका कंपनीची जाहिरात त्याच्या नजरेला पडली. अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम, दोन-तीन वर्षांचा अनुभव. मुलगा नौपाड्यात राहणारा, अनुभव अडीच वर्षांचा, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरायचं आणि पुढे रिक्षा. जणू त्याचंच माप घेऊन जाहिरात शिवलेली. रात्री पावणेदहाला अर्ज तयार झाला. "मामा, पाठवू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अरे, रात्री पावणेदहाला? काय इज्जत राहील तुझी? शुक्रवारी साडेदहानंतर राहुकाळ, पुढे सुट्टी, सोमवारी गर्दी. मंगळवार धर."

मंगळवारी आठवणीने पाठवायची भानगड नको म्हणून जीमेलमध्ये Schedule send लावलं. 2019 पासून ही सोय आहे. मोबाईल बंद असला, वायफाय गेलं, तरी मेल वेळेला सुटते, कारण ती आपल्या फोनमधून जातच नाही, गूगलच्या सर्व्हरवरून जाते. मुहूर्त साधायला याहून चांगला भटजी मिळणार नाही. दक्षिणाही नाही.

सोमवारी रात्री मुलाच्या लक्षात आलं, की मजकुरात 'Good evening' राहून गेलंय. सकाळी साडेअकराला जाणाऱ्या मेलमध्ये गुड ईव्हनिंग! त्याने मेल उघडली, Cancel send दाबलं, ईव्हनिंगचं मॉर्निंग केलं, समाधानाने लॅपटॉप मिटला आणि झोपला. आता ज्यांनी हे बटण कधी दाबलंय त्यांना कळलं असेल. वेळ लावून ठेवलेली मेल जीमेलमध्ये जागच्या जागी दुरुस्त होत नाही. Cancel send दाबलं की ती मुकाट्याने Drafts मध्ये परत जाते आणि वेळ पुन्हा नव्याने लावावी लागते. ती लावली नाही तर कुणी आठवण करत नाही. मंगळवारी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही दोघं देवासमोर दिवा लावून बसलो होतो. Sent मध्ये काही येईना. Scheduled चं खातं रिकामं. मेल ड्राफ्टमध्ये, गुड मॉर्निंग म्हणत.

बाराच्या आत धावपळ करून एकदाची पाठवली. 'लाभ' अजून पाऊण तास शिल्लक होता, तेव्हा मुहूर्त चुकला असं कुणी म्हणू नये.

उत्तर आलं नाही. मी कारण शोधायला बसलो आणि चुकून एका जाणकार बाईंना विचारलं. तुम्ही विचारू नका, उगाच मनस्ताप. आमच्या मजल्यावरच्या वहिनी महापेलाच दुसऱ्या एका कंपनीत एचआर बघतात. गच्चीत पापड वाळत घालता घालता त्या म्हणाल्या, "भाऊजी, मेल किती वाजता आली हे आम्ही कशाला बघू?"

"मग काय बघता?"

"जाहिरात गुरुवारी टाकली, तर शुक्रवारी-शनिवारी जे आलेत त्यातूनच पहिली यादी निघते. आमचा शनिवार अर्धा दिवस चालू असतो. सोमवारी सकाळी फोन करायला घ्यायचे, सहा-सात जण बरे मिळाले की आम्ही थांबतो. नंतर आलेल्या मेल तशाच पडून राहतात, पहिल्या यादीतलं कुणी गळलं तरच बघायच्या."

मी चौघडियाचा विषय काढून बघितला. त्या म्हणाल्या, "तुमचा मंगळवार महिन्यात कुठल्या तारखेला येतो ते बघा आधी. अकरा तारखेपर्यंत जीएसटीआर-1 रिटर्न भरायचं, वीसपर्यंत 3बी. त्या आधीचे दोन दिवस अकाउंट्सचे साहेब कुणाची मुलाखत घेणार आहेत? आणि पंचवीसनंतर माझ्या मागे पगाराची गडबड." म्हणजे या बाईंचं पंचांग वेगळंच निघालं. त्यात राहुकाळ आहे, पण तो महिन्याला येतो आणि त्याची तारीख सरकार ठरवतं.

मग त्यांनी मोबाईलवर जाहिरातीचा इनबॉक्स दाखवला. नावं झाकून, म्हणजे अंगठ्याने. एकेका मेलची दिसते ती एवढीच: नाव, विषयाचे सुरुवातीचे चार-पाच शब्द आणि मजकुराची अर्धी ओळ. वरून खाली आठ मेल 'Resume', पाच 'Job application', दोन 'Fwd: Fwd: CV', एकाचा विषयच कोरा. त्यात एकच होती, 'Accounts Executive, 3 yrs, Tally, Airoli, 15 days notice'. ही पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी आलेली. पहाटे दोन! राहूसुद्धा झोपलेला असतो. बाईंनी नेमक्या त्याच माणसाला आधी फोन केला होता. त्यांचं म्हणणं असं, की पदाचं नाव टाकून शोधलं की ती सापडते, आणि नोटीस किती दिवसांची आणि राहतो कुठे हे मेल न उघडता कळतं. सकाळी साडेआठची ड्यूटी, विरारचा माणूस घेतला तर तीन महिन्यांत सोडतो.

मी भाच्याच्या मेलचा विषय आठवून बघितला. 'Respected Sir/Madam'. अटॅचमेंट `resume_final_new(2).pdf`. शिवाय मोबाईल नंबर फक्त पीडीएफमध्ये, आणि पीडीएफ उघडायला बाईंना तो बायोडाटा आधी बघावासा वाटायला हवा. हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही. पापड उलटायला मदत केली.

तुम्ही मात्र विषयाच्या ओळीवर वेळ घालवू नका. ती पाच मिनिटांत होते, तिच्यात कसलाच थरार नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला तर पुढे काय करायचं हा नवीन प्रश्न. मुहूर्त शोधण्यात निदान चार दिवस सुखाने जातात. या चार दिवसांत तुम्ही बेकार नसता, तुम्ही अर्ज करण्याच्या प्रक्रियेत असता. घरी कुणी विचारलं तर "मंगळवारी पाठवतोय" असं ताठ मानेने सांगता येतं.

भाच्याला काल रबाळ्याची एक जाहिरात दिसली. अर्ज तयार आहे, वेळ लावलेली आहे, आणि मी बजावून ठेवलंय, की यावेळी कशालाही हात लावायचा नाही. येता मंगळवार तर साधासुधा नाही, अंगारकी आहे. याहून मोठा दिवस कुठला मिळणार?

जिन्यात वहिनी भेटल्या तेव्हा उत्साहाने त्यांना तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "अंगारकीला? अहो, त्या दिवशी मी सुट्टीवर आहे. पहाटेच्या गाडीने टिटवाळ्याला."