‘परवा रात्री साडेबाराला’ म्हणजे नक्की कधी?

“ताई, परवाची ट्रायल एक तास पुढं घ्यायलेत. रात्री साडेबाराला. पुढची आठ दिवसांनी, त्याच टायमाला. जर्मनीवाल्यांना पण कळवून टाका.”

मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५. संध्याकाळी पावणेसातला हा मेसेज आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. छत्रपती संभाजीनगरात बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो लगेच कळला, कुणीही काही विचारलं नाही. पण हाच मेसेज शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत पाठवला असता तर पाच ठिकाणी चुकला असता. त्या पाच जागांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडची बरीच पोरंपोरी आता बाहेरच्या देशातल्या टीमसोबत काम करतात आणि हे कुणी शिकवत नाही.

आमची कंपनी छोटी आहे. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. मशीन शिकागोजवळच्या एका कारखान्यात आहे आणि त्याचे यांत्रिक भाग बघणारे इंजिनिअर जर्मनीत आहेत. आमची आपसातली सगळी बोलणी मराठीत, तीही घाईतली. ती वाचून दोन्हीकडच्या लोकांना नीट लिहून पाठवायचं काम माझ्याकडे आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात माझ्या हातून चूक झाली होती. ग्रुपवर ठरलं होतं ‘गुरुवारी रात्री साडेबाराला’. मी लिहिलं, `Thursday, 12:30 AM IST`. शिकागोच्या लोकांनी हिशोब अगदी बरोबर केला. भारतात गुरुवार सुरू होऊन अर्धा तास झाला, म्हणजे त्यांच्याकडे बुधवारचे दुपारचे दोन. बुधवारी त्यांनी मशीन रिकामं करून ठेवलं, माणसं उभी केली, जर्मनीतला इंजिनिअर घरून लाइनवर आला, आणि आमच्यापैकी कुणीच नाही. आम्ही दुसऱ्या रात्री लॅपटॉप उघडून बसलो तेव्हा तिकडे मशीन कामाला लागलेलं होतं. त्या लोकांचा वाया गेलेला वेळ माझ्या एका ओळीमुळे गेला, हे मी विसरलेले नाही.

चूक कुठून आली ते शोधायला गेले तर ती माझ्या भाषेतच सापडली. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. पंचांगात तसंच आहे आणि बोलण्यातही तसंच. गुरुवारी जेवलो, जागे राहिलो, साडेबारा वाजले, तरी आपल्यासाठी ती गुरुवारचीच रात्र. घड्याळासाठी मात्र शुक्रवार लागलेला असतो. रात्री बारानंतरच्या रेल्वेगाडीचं तिकीट काढताना ज्यांची तारीख चुकली आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही. इतके दिवस मला ती फक्त प्रवाशांची अडचण वाटायची.

तेव्हापासून रात्रीची वेळ लिहिताना मी आधी मराठीत स्वतःशी म्हणून घेते, ‘गुरुवार ३० आणि शुक्रवार ३१ यांच्या मधली रात्र’. मग घड्याळाची तारीख लिहिते, शुक्रवार ३१ ऑक्टोबर, ००:३०. बाराच्या आसपास एएम-पीएम लिहीतच नाही, चोवीस तासांचं घड्याळ वापरते. ‘शुक्रवारी रात्री बारापर्यंत’ अशी मुदत असेल तर शुक्रवारची तारीख आणि २३:५९. एका मिनिटाने फरक पडत नाही, पण दिवस कोणता याबद्दल शंका राहत नाही.

आता ‘परवा’. मराठीतला परवा मागेही जातो आणि पुढेही. ‘परवा आलो’, ‘परवा येईन’, तिथे क्रियापद आपल्याला सांभाळून घेतं. पण ‘परवाची ट्रायल’ यात क्रियापदच नाही. ग्रुपमधल्या माणसाला संदर्भ माहीत असतो, तो ग्रुपबाहेर जात नाही. शिवाय असे शब्द मोजायचे ते मेसेज ज्या वेळी लिहिला तिथून. मी तो रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाचत असले तर माझा ‘परवा’ वेगळा असतो. म्हणून आधी मेसेजखालची वेळ बघते. मंगळवार संध्याकाळ, म्हणजे परवा गुरुवार, ३० ऑक्टोबर. काल, उद्या, परवा, येत्या शुक्रवारी, पुढच्या शुक्रवारी, यातला एकही शब्द मी आता बाहेर जाऊ देत नाही.

‘आठ दिवसांनी’ तर आणखी फसवं. आपल्याकडे आठ दिवस म्हणजे आठवडा, गुरुवार ते गुरुवार, दोन्ही टोकं धरून आठ. पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. हे परदेशातल्या माणसाला कसं कळावं? तो तीसमध्ये आठ मिळवणार आणि शुक्रवार, ७ नोव्हेंबर काढणार. आपल्या मनात गुरुवार, ६ नोव्हेंबर आहे. तो ६ नोव्हेंबरही ६/११ असा लिहिला तर अमेरिकेत ११ जून वाचतात. महिना अक्षरात लिहावा किंवा वर्ष आधी लिहावं, `2025-11-06` असं. या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे, ISO 8601.

‘एक तास पुढं’ याला आपण पुढे ढकलणं म्हणतो, म्हणजे उशिरा. लवकर करायचं असेल तर अलीकडे घेतो. इंग्रजीत मीटिंग ‘फॉरवर्ड’ घेतली म्हटलं की पुष्कळ लोक ती लवकर झाली असं समजतात. मी यावर वाद घालत नाही, जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही लिहिते: आधी १३:००, आता १४:००. वाचणाऱ्याला दिशा आपोआप कळते. साडेआठचं ‘हाफ एट’ करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. इंग्लंडमध्ये ते साडेआठच राहतं, पण जर्मन भाषेत आठचं अर्धं म्हणजे साडेसात. आकडेच लिहा, आणि ८:३० असेल तर ०८:३० की २०:३० तेही स्पष्ट करा.

पाचवी जागा सगळ्यात खोल, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ‘त्याच टायमाला’. कुणाच्या टायमाला?

मेसेज टाकणाऱ्या दादांना मी फोन केला. “दादा, साडेबारा कुणी ठरवलं?”

“अहो, तिथली पहिली शिफ्ट दोनला सुटती. मग मशीन मोकळं. आपलं साडेबारा येतं त्याचं.”

म्हणजे वेळ ठरवणारं घड्याळ शिकागोचं. आपलं साडेबारा हे त्यातून निघालेलं उत्तर. हे एकदा कळलं की बाकीचं नुसतं गणित उरतं. पण न विचारता पुढे गेले असते तर मी ६ नोव्हेंबरलाही आपलं साडेबाराच कळवलं असतं, आणि तिथे शिफ्ट सुटायला अजून तासभर असता.

कारण अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेते. २०२५ मध्ये तो रविवार २ नोव्हेंबरला होता. युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतो, म्हणजे २६ ऑक्टोबरला. आपण कधीच बदलत नाही. त्यामुळे २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हा एक आठवडा असा होता की युरोपची घड्याळं हिवाळ्याची आणि अमेरिकेची अजून उन्हाळ्याची. आमची पहिली ट्रायल नेमकी त्या आठवड्यात आणि दुसरी त्याच्यानंतर. शिकागोचे दोन धरून, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी यूटीसी म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेपासूनचा फरक लिहून, पहिली अशी येते:

```
Thu 2025-10-30 14:00 America/Chicago UTC-05:00
Thu 2025-10-30 20:00 Europe/Berlin   UTC+01:00
Fri 2025-10-31 00:30 Asia/Kolkata    UTC+05:30
```

आणि दुसरी अशी:

```
Thu 2025-11-06 14:00 America/Chicago UTC-06:00
Thu 2025-11-06 21:00 Europe/Berlin   UTC+01:00
Fri 2025-11-07 01:30 Asia/Kolkata    UTC+05:30
```

शिकागोत दोन्ही दिवशी दोन. आपल्याकडे साडेबाराचे दीड. जर्मनीत आठाचे नऊ. जर्मनांचं घड्याळ या दोन तारखांच्या मध्ये बदललंही नव्हतं, तरी त्यांची वेळ सरकली. हे त्यांना लिहून दिलं नसतं तर त्यांना स्वतःहून सुचायचं काही कारणच नव्हतं.

तपासायचं कसं, तर प्रत्येक ओळ यूटीसीत आणून बघायची. पहिल्या तिन्ही ओळी ३० ऑक्टोबरचे १९:०० देतात, दुसऱ्या तिन्ही ६ नोव्हेंबरचे २०:००. एक जरी ओळ वेगळी आली तर पाठवायचं नाही. आणि तिघांच्या वेळा लिहिल्या तरी वर एक वाक्य हवंच: ‘ही वेळ शिकागोच्या घड्याळाने ठरलेली आहे, फरक दिसला तर तीच धरावी.’ नाहीतर दोन ओळी जुळल्या नाहीत की प्रत्येक जण आपापली खरी मानतो.

मी आयएसटी ही तीन अक्षरं लिहायची सोडली, कारण आयर्लंड आणि इस्राएलची वेळही याच अक्षरांनी लिहितात. शिकागोची सीएसटी ही चीनचीही आहे. माझ्या आजोबांच्या जमिनीच्या जुन्या कागदांवर निजामाच्या काळातलं फसली साल आहे. इसवी सन काढायचा तर त्यात सुमारे ५९० मिळवावे लागतात. पण त्या कारकुनाने आकड्याशेजारी ‘फसली’ हा शब्द लिहून ठेवला, म्हणून आज आम्हाला ते वाचता येतं. वेळेच्या शेजारी शहर आणि यूटीसीपासूनचा फरक लिहिणं मला अगदी तसंच वाटतं. ठरावीक दिवसांनी होणाऱ्या मीटिंगसाठी तर शहराचं नावच महत्त्वाचं, कारण फरक बदलतो, नाव बदलत नाही.

एका गोष्टीवर माझं मत पक्कं आहे आणि त्यावरून ऑफिसात माझं भांडणही झालंय. मूळ मेसेजमध्ये जे नाही ते आपण घालायचं नाही. कुणी लिहिलं, ‘बघतो, संध्याकाळपर्यंत फाइल देतो’, तर त्याचं सहा वाजता करायचा मला अधिकार नाही. समोरचे लोक त्या सहावर आपलं काम लावतात. मी विचारते, “किती वाजता धरू?” उत्तर आलं तर ती वेळ. नाही आलं तर ‘३० ऑक्टोबरला, भारतातल्या संध्याकाळी, नेमकी वेळ अजून ठरलेली नाही’ असंच लिहिते. कच्ची माहिती कच्ची दिसली पाहिजे. ‘पोळ्यानंतर’, ‘लक्ष्म्या उठल्या की’ असं कुणी म्हणालं तर तारीख मी कॅलेंडरातून काढते, पण ‘नंतर’ म्हणजे दुसऱ्याच दिवशी की पुढच्या सोमवारी, ते त्यालाच विचारते.

त्या रात्री मेसेज गेला, दोन्हीकडून होकार आला, दोन्ही ट्रायल वेळेवर झाल्या. सात नोव्हेंबरच्या दीडच्या ट्रायलनंतर दादांनी विचारलं, “ताई, हे परत कधी बदलणार?” अमेरिकेत ८ मार्च २०२६, युरोपात २९ मार्च. मधले तीन आठवडे शिकागोचे दोन म्हणजे आपले पुन्हा साडेबारा आणि जर्मनीचे आठ. २९ नंतर त्यांचे नऊ, आपले साडेबाराच. दोन्ही तारखा मी तिघांच्या कॅलेंडरात तेव्हाच टाकल्या, आणि दादांच्या कॅलेंडरात ‘रविवारी पहाटे’ असं न लिहिता तारखेसकट.