निपाणीच्या मैत्रिणीचं पुस्तक वाचून झाल्यावर

अभिनंदन गं! फोनवर केलंच होतं, खरं फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? "बरं झालंय की नाही तेवढं सांग" म्हणालीस आणि लगेच विषय बदलून पावसावर गेलीस. म्हणून आता इथं चारचौघांत सांगते. इथं तुला मधेच तोडता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या या मैत्रिणीचं पहिलं पुस्तक आलंय. ललित लेखांचं आहे. निपाणीतलं एक घर, त्या घरात विड्या वळणारी आई आणि आत्या, आणि मांडीला मांडी लावून बसलेली एक मुलगी, जी शाळेतून आली की दप्तर टाकून विड्यांची तोंडं बंद करायला बसायची. निपाणीचं नाव काढलं की लोकांना तंबाखू आठवतो, वखारी आठवतात, तवंदी घाट आठवतो. घराघरात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका मात्र कुणाला चटकन आठवत नाहीत. कॉलेजात असताना मीही हिच्या घरी जायची, चहा प्यायची, त्या माऊलीचे हात चालू असायचे आणि मी आपली गप्पा मारत बसायची.

सुरुवातीची काही पानं मी जरा धास्तीनंच वाचली. आपल्याकडे कष्टकरी आईवर लिहायचं म्हटलं की डोळे पुसायची तयारी आधीच करून घेतलेली असते. तू ती केली नाहीस. पहिल्याच लेखात तू आईचं दुःख सांगत नाहीस, आई पान कसं कापते ते सांगतेस. आदल्या रात्री पानं पाण्यात बुडवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. कमी भिजली तर वळताना तडकतात, जास्त भिजली तर बुरशी धरतात. सकाळी गोणपाट उघडल्याबरोबर आई दोन बोटांनी पान चाचपते आणि आजचा दिवस कसा जाणार ते तिला तेव्हाच कळतं. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कडेनं कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायचा, वळायची, दोऱ्याचे वेढे, शेवटी तोंड मुडपायचं. सगळं तू इतकं सावकाश लिहिलंयस की वाचताना माझीच बोटं हलत होती.

त्यात ते एक वाक्य आहे, तंबाखू आमच्या शिवारातला आणि पान मात्र विदर्भ-छत्तीसगढच्या जंगलातलं, दोघांची गाठ आईच्या मांडीवर पडते, अशा अर्थाचं. तिथं मी पेन्सिलनं रेघ मारली. (हो, मी पुस्तकावर रेघा मारते. ओरडू नकोस.)

खरं मला जे लागलं ते छाटवर लिहिलेल्या लेखात. ज्यांनी ते जग पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. बाई घरी विड्या वळते, बंडलं बांधते आणि कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे नेऊन देते. तिथं तपासणारा बसलेला असतो. बंडल हातात घेतो, दाबून बघतो, एखादी विडी काढून झटकतो. सैल असेल तर तंबाखू गळतो, फार घट्ट असेल तर ओढत नाही, पान फाटकं असेल, दोरा निसटलेला असेल, लांबी कमी असेल, तर ती बाजूला. ही छाट. तिचे पैसे मिळत नाहीत.

इथवर कुणीही लिहिलं असतं. तू पुढं हिशोब मांडलास. ठेकेदार हजार विड्यांचं म्हणून पान मोजून देतो. त्या आठवड्यात पान हलकं होतं, भोकं पडलेलं, कडा करपलेल्या. कापून काढल्यावर त्यातून साडेआठशेच निघाल्या. ठेकेदाराला हजारच हव्यात, म्हणून उरलेल्या दीडशेचं पान आईनं बाजारातून पदरच्या पैशानं आणलं. हजार पुऱ्या केल्या. त्यातल्या साठ छाटीत गेल्या. म्हणजे हजाराची मजुरी घ्यायला तिला वळाव्या लागल्या हजार साठ, आणि त्यातल्या दोनशे दहा विड्यांचं पान स्वतःच्या खिशातलं. हे सगळं तू लहानपणीच्या वहीतल्या पाठीमागच्या पानावरच्या बेरजेसारखं मांडलंयस. मुलगी आठवीत आहे, तिला नुकतंच शेकडा नफा-तोटा शिकवलंय, आणि ती आईचं गणित सोडवायला बसते. उत्तर येत नाही म्हणून तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा करते. पुन्हा तेच.

मी तिथं पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस पुसत बसले.

आणि त्याच लेखात ती टोपली आहे. छाटीतल्या विड्या तपासणारा मोडत नाही. परतही देत नाही. शेजारच्या टोपलीत टाकतो. आई रोज ती टोपली भरताना बघते आणि संध्याकाळी ती रिकामी झालेली असते. त्या विड्या कुठं जातात ते आई एकदाही विचारत नाही आणि तूही सांगत नाहीस. एखादा नवखा लेखक इथं दोन परिच्छेद शोषणावर लिहून मोकळा झाला असता. तू टोपली दाखवलीस आणि पुढच्या ओळीत आई घरी येऊन भात टाकते. एवढा संयम पहिल्याच पुस्तकात कुठून आणलास गं?

आत्यावरचा लेखही तितकाच जवळचा वाटला, जरी तो वेगळ्या तऱ्हेनं. विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, कल्याण निधीचा 1976 साली झाला, ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी, सगळं कागदावर आहे. खरं कागद कुणाच्या नावावर? घरात एकीचंच कार्ड. आई, आत्या, कधी तू, तिघींची बोटं एकाच नावाखाली. आत्यानं जन्मभर वहिनीच्या नावावर विड्या वळल्या. म्हातारपणी कुठल्यातरी योजनेसाठी कामगार असल्याचा पुरावा मागितला तेव्हा तिच्याकडे दाखवायला काय होतं? डाव्या तर्जनीवरचा घट्टा. त्या कारकुनापुढं आत्या बोट पुढं करते, तो प्रसंग तू हसत हसत लिहिलायस. आत्या स्वतःच हसतेय त्यात. आणि वहिनीवर, म्हणजे तुझ्या आईवर, तिचा राग आहे की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. दोघी त्याच दुपारी पुन्हा एकाच सुपाशी बसतात. नणंद-भावजयीचं इतकं खरं चित्र मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

आता तक्रार. मैत्रीण आहे म्हणून सगळंच गोड बोलणार नाही.

1981 च्या तंबाखू आंदोलनावरचा लेख मला जमलेला वाटला नाही. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हमरस्त्यावर बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. आपल्या भागातल्या घराघरात ही आठवण आहे आणि तुला ती वगळता येणं शक्यच नव्हतं, हे मान्य. पण तिथं तुझी भाषा एकदम वर्तमानपत्राची होते. भाव, दलाल, शासन, दडपशाही. तू तर तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हतीस, म्हणून माहिती गोळा करून लिहिलंस, ते कळतं. खरं त्याच लेखाच्या मध्यावर आईची एक ओळ आहे: शेतकऱ्याच्या तंबाखूला भाव मिळायला पाहिजे हे तिला पटतंय, आणि तंबाखू महागला तर ठेकेदार मजुरीतनं कापेल ही धाकधूकही आहे. अगं, लेख तिथं होता! शेतकरी आणि विडी कामगार बाई, दोघांचा तंबाखू एकच आणि हित मात्र दर वेळी एक नाही. ती ओळ तू टाकलीस आणि लगेच पुढच्या सभेकडे निघून गेलीस. दुसऱ्या आवृत्तीत सभा कमी कर, आईला बोलू दे.

बाकी, पुस्तकाला प्रस्तावना नाही हे मला फार आवडलं. आपल्याकडे पहिलं पुस्तक म्हटलं की कुणीतरी मोठं नाव शोधायचं, त्यांच्या घरी खेटे घालायचे, मग ते सात-आठ पानं स्वतःबद्दल लिहितात आणि शेवटी "लेखिकेस शुभेच्छा". तू थेट ओल्या गोणपाटापासून सुरू केलंस. चांगलं केलंस.

आणि मुद्रितशोधनाची ती भानगड इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आई आणि आत्या जसं बोलतात तसं तू लिहिलं होतंस, "काय करालीस", "आलीया न्हवं". पहिल्या प्रुफात सगळं "काय करत आहेस" होऊन परत आलं. आत्या एकदम पुण्याच्या शाळेत बाई झाल्यासारखी बोलायला लागली! हिनं रात्री जागून एकेक वाक्य पुन्हा होतं तसं केलं, दुसऱ्या प्रुफात काही परत सुधारलेली आली, तीही पुन्हा बिघडवली. शेवटी समासात मोठ्या अक्षरात "हे चूक नाही, हे असंच आहे" लिहून पाठवलं. आता छापील पुस्तकात आत्या आत्यासारखी बोलतेय. फक्त एका ठिकाणी ती "अर्थातच" म्हणते, ते कुणाच्या हातून निसटलं ते तुझं तू बघ.

आजाराबद्दल तू जवळजवळ काहीच लिहिलं नाहीस, त्यावर कुणीतरी बोट ठेवेल. तंबाखूची धूळ, खोकला, पाठ, डोळे. मला मात्र ते कमी वाटलं नाही. प्रत्येक लेखात आई बोलता बोलता एकदा थांबते आणि पदर तोंडाला लावते. कारण सांगितलेलं नाही, आणि आमच्या भागातल्या वाचकाला ते सांगावंही लागणार नाही.

आता कामाचं. रविवारी मी निपाणीला येतेय. चार प्रती बाजूला काढून ठेव. एक माझी, कारण हातातली रेघा मारून खराब केलीय. एक आमच्या गल्लीतल्या वाचनालयाला, एक माझ्या सासूबाईंना, त्यांना तुझ्या आत्याची गोष्ट वाचून दाखवायचीय. चौथी कुणाला द्यायची ते अजून ठरायचंय. आणि "भेट प्रत" असं लिहून पुढं करू नकोस. मराठी लेखकाची पहिली आवृत्ती निम्मी मित्रमंडळीच फुकट खाऊन टाकतात, त्यात माझी भर नको. छापील किमतीनं घेणार, सूट बिट काही नको, आणि सही मात्र चारही प्रतींवर पाहिजे. आईंना सांग, जेवूनच जाणार आहे.