‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असे नव्हे

प्रयोगाचा सारांश लिहिणाऱ्याला असा सल्ला दिला जातो: «स्ट्रूप चाचणीत मोबाइल जवळ ठेवून आणि दूर ठेवून सांख्यिकीदृष्ट्या सार्थ फरक आला नाही, म्हणजे मोबाइलने लक्ष विचलित होत नाही हे सिद्ध झालं. सारांशात मर्यादा लिहू नका, काम कच्चं दिसतं.»

या चाचणीत रंगाचे नाव न वाचता ते ज्या शाईत छापले आहे तिचा रंग सांगायचा असतो. सल्ल्यातली पहिली चूक आकड्यांचा अर्थ लावण्यात आहे. उदाहरणादाखल असे धरू, की कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयातील २४ विद्यार्थ्यांनी ही चाचणी दोनदा दिली. एकदा स्वतःचा मोबाइल टेबलावर पालथा ठेवून आणि एकदा तो शेजारच्या खोलीत ठेवून. मोबाइल जवळ असताना प्रतिसादाला सरासरी १२ मिलिसेकंद जास्त लागले आणि या फरकांचे प्रमाण विचलन ६० निघाले. ६० ला २४ च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी सुमारे १२ येते आणि ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्यात असू शकतो तो पट्टा, उणे १३ ते अधिक ३७ मिलिसेकंद पडतो. या पट्ट्यात शून्य आहे हे खरे, पण ३७ सुद्धा आहे. एवढ्या नमुन्यात साधारण ३६ मिलिसेकंदांचा परिणाम असला तरच तो पाचपैकी चार वेळा पकडीत येतो; त्याहून लहान परिणाम निसटण्याचीच शक्यता वाढत जाते. म्हणून सारांशात केवळ ‘असार्थ’ न लिहिता हे विश्वासांतर लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट पद्धतीची. स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये १०० विद्यार्थ्यांकडून शंभर रंगीत चौकोनांच्या रंगांची नावे वदवून घेतली तेव्हा सरासरी ६३ सेकंद लागले, आणि शाईशी न जुळणाऱ्या रंगनामांच्या शाईचे रंग सांगायला ११० सेकंद लागले. हा मूळ परिणाम इतका ठळक आहे, की तो आपल्या माहितीत दिसलाच नाही तर बिघाड चाचणीतच शोधावा. निळ्या शाईतला ‘लाल’ हा शब्द मराठी माध्यमाच्या मुलीला जितका आपसूक वाचता येतो, तितका इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला येईलच असे नाही. त्याची वाचनाची ओढ कमी असेल तर अडथळाही कमी दिसतो, आणि शिक्षणाचे माध्यम नोंदवलेच नसेल तर ही गोष्ट नंतर शोधता येत नाही. क्रमाचेही तसेच आहे. सगळ्यांनी मोबाइल जवळ ठेवूनची फेरी दुसरी दिली असेल, तर सरावाने आलेला वेग मोबाइलचा परिणाम झाकून टाकतो, म्हणून १२ जणांचा क्रम उलटा हवा.

मर्यादांबद्दल एवढेच, की ‘नमुना लहान होता’ हे वाक्य खरोखरच काही सांगत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘सर्व सहभागी एकाच महाविद्यालयातील मानसशास्त्राचे विद्यार्थी असून त्यांपैकी अनेकांना ही चाचणी आधीपासून परिचित होती, शिक्षणाचे माध्यम नोंदवलेले नाही, ३६ मिलिसेकंदांहून लहान परिणामाबाबत या प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही.’