खुलासा: विज्ञान दिनाच्या भाषणातलं ‘झोपेत पाठांतर’

“झोपेत मेंदू रिकामा असतो. उशाशी धड्याचं रेकॉर्डिंग लावून झोपा, सकाळी सगळं पाठ!”

विज्ञान दिनासाठी फिरणाऱ्या भाषणातली ही वाक्यं चुकीची आहेत. सायमन आणि एमन्स या संशोधकांनी १९५६ मध्ये झोपलेल्यांना प्रश्नोत्तरं ऐकवली आणि त्याच वेळी मेंदूच्या लहरी नोंदवल्या. सकाळी आठवली ती लहरींमध्ये जागेपणाची खूण दिसत असतानाची; गाढ झोपेतली नाहीत.

गाढ झोपेत मेंदू दिवसभरात शिकलेलंच पुन्हा चाळतो. हिप्पोकॅम्पस या भागात ताज्या आठवणी परत जाग्या होतात आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य थरात पक्क्या होतात. म्हणजे धडा आधी जागेपणी वाचलेला हवाच. शिवाय रात्रभर आवाज चालू ठेवला तर झोपमोड होते, ती वेगळीच!

भाषणातून ती वाक्यं काढा, आणि जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.