मूत्र-नोंदवहीचा तक्ता: पहाटेची लघवी आणि मोकळी चौकट

एका ६८ वर्षांच्या काकांनी प्रत्येक लघवीची वेळ आणि माप तीन दिवस वहीत लिहिलं, त्या वहीचा तक्ता लेखात दिला होता. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: "सकाळी सहाची लघवी तुम्ही रात्रीत धरली, ती तर उठल्यावरची आहे. अन् शेतातल्या अकराच्या नोंदीची चौकट मोकळीच सोडली. सरासरी टाकली असती तर बेरीज पुरी झाली असती. असा अर्धवट तक्ता डॉक्टरांच्या काय कामाचा?"

दादा, सहाला उठल्यावर जी लघवी होते ती रात्रभर झोपेत साठलेली असते. म्हणून तिचं माप रात्रीच्या बेरजेत जातं. मात्र 'रात्री किती वेळा उठले' हे मोजताना ती धरत नाहीत, कारण तेव्हा माणूस लघवीसाठी उठलेला नसतो, झोपच संपलेली असते. त्यामुळे तक्त्यातला दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीनंतर तो सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीवर संपतो.

लेखातल्या ६८ वर्षांच्या काकांचाच हिशोब घ्या. ते दहाला झोपले. साडेबाराला २२०, सव्वातीनला २०० आणि सहाला २८० मिलि, म्हणजे रात्रीची बेरीज ७००. दिवसाची मोजलेली बेरीज ९५०, एकूण १६५०. रात्रीचा वाटा ४२ टक्के झाला. सहाची लघवी दिवसात टाकली तर तोच २५ टक्क्यांवर येतो. या वयात ३३ टक्क्यांच्या वर गेलं की रात्री लघवी जास्त तयार होते असं समजतात. मग डॉक्टर नुसत्या मूत्राशयाकडे न बघता पायांची सूज, संध्याकाळचं पाणी, झोपेतलं घोरणं हेही विचारतात. तुमच्या पद्धतीने ही शंकाच येणार नाही.

आता मोकळी चौकट. वहीत "११ शेतात, माप नाही" एवढंच आहे. वेळ खरी आहे, म्हणून वारंवारितेत ती धरली. माप मात्र कुणालाच माहीत नाही. तिथं शून्यही घालू नका, सरासरीही नको. सरासरी एकदा बसली की ती मोजलेली नव्हती हे पुढच्या माणसाला कळत नाही. त्यापेक्षा उलटं तपासा: निष्कर्ष बदलायला, म्हणजे रात्रीचा वाटा ३३ टक्क्यांवर यायला, ती लघवी किती हवी? इथं सुमारे ४७० मिलि लागेल, आणि काकांची त्या दिवसातली सर्वांत मोठी लघवी २८० आहे. म्हणजे मोकळी चौकट ठेवूनही निष्कर्ष टिकतो. टिकला नसता, तर तो दिवस बाजूला ठेवून उरलेल्या दोन दिवसांवर बोलावं. तीन दिवसांची वही त्यासाठीच भरून घेतात.

खरा संशय वेगळ्याच ठिकाणी घ्यावा. पान एकाच शाईत, एका दमात लिहिलेलं आणि सगळी मापं २००, तर ते संध्याकाळी आठवून भरलेलं असण्याची शक्यता आहे. "१२.३०" पुढं दुपार की रात्र नसेल, तर आधी विचारून मगच ००:३० लिहावं.

"लई घाई झाली" हे शब्द तसेच एका रकान्यात ठेवा, घाईची ० ते ४ श्रेणी शेजारी लिहा. कपडे ओले झाले का, याला तिसरा रकाना द्या, कारण घाई झाली म्हणजे गळतीही झालीच असं नाही. पाण्याचंही तसंच. "एक तांब्या" लिहिलंय तर घरचा तांब्या मागवून मोजपात्रानं भरून बघा, तोवर मिलिचा रकाना रिकामा राहू द्या.