सासूबाई, दोन सिम आणि मी

माझ्या फोनात दोन सिम आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक रोजचा नंबर, ज्यात दिवसाला दोन जीबी डेटा येतो, आणि दुसरा जुना, जो बँकेत दिला आहे म्हणून फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा छोटा पॅक मारून जिवंत ठेवला आहे. कॉल करताना फोन विचारायचा, कोणत्या सिमवरून? आणि खाली नुसतं 'सिम 1' आणि 'सिम 2'. मी आपला घाईत कोणतंही एक दाबायचो.

मे महिन्यात नागपुरात बर्डीवर गेलो होतो, दुपारी दोनची वेळ, डोक्यावर दुपट्टा, आणि एका दुकानाच्या बेसमेंटमध्ये गाडी लावून वर आलो तर टॉकटाइमचे जे एक्क्याऐंशी रुपये त्या बँकवाल्या सिममध्ये आणीबाणीसाठी ठेवले होते ते गायब! मेसेज आला की डेटा वापरला. मी म्हटलं मी कुठं वापरला बे, माझा डेटा तर पहिल्या सिमवर आहे ना!

संध्याकाळी शेजारच्या पोट्ट्याला दाखवलं. त्यानं फोन हातात घेतला, वरच्या पट्टीत नेटवर्कच्या काड्यांचे दोन गठ्ठे असतात ते दाखवले, म्हणे काका, ज्या गठ्ठ्याजवळ 5G लिहिलं आहे ना, डेटा त्याच सिमवर चालून राहिला. बघा, दुसऱ्या गठ्ठ्याला 5G लागलं आहे. तीन वर्षं झाली फोन घेऊन, मला वाटायचं ती अक्षरं शोभेची आहेत.

मग त्यानं सिमच्या सेटिंगमध्ये एक बटण दाखवलं, `Automatically switch mobile data`. ते चालू असलं की एका सिमचं नेटवर्क कमजोर पडताच फोन गुपचूप दुसऱ्यावर जातो. बेसमेंटमध्ये पहिल्याचं नेटवर्क गेलं, फोननं विचार केला की मालकाची गैरसोय नको, आणि ज्या सिममध्ये डेटाचा पॅकच नाही त्याच्या बॅलन्समधून सगळे अ‍ॅप अपडेट करत बसला. एवढी काळजी तर घरचेही घेत नाहीत.

मी म्हटलं बंद कर. तो म्हणे करतो, पण मग बँकेच्या सिमवर कॉल चालू असताना इंटरनेट थांबेल. म्हणजे बरेचसे फोन दोन्ही सिम जागे ठेवतात खरे, पण एका वेळी एकाच सिमवरून काम करतात, आणि कॉल सुरू झाला की दुसऱ्या सिमच्या डेटाला गप्प बसावं लागतं. हे बटण चालू असतं तर त्या वेळात डेटा कॉलवाल्या सिमवर गेला असता. मला त्या नंबरवर महिन्यातून चार कॉल येतात, तेही बहुतेक कर्ज पाहिजे का म्हणून, तेव्हा बंदच ठेवलं. ज्यांच्या दोन्ही सिममध्ये डेटा आहे त्यांनी चालू ठेवावं, मला परवडत नाही.

आधी त्यानं सिमची नावं बदलली, 'रोजचं' आणि 'बँक'. ह्या एका गोष्टीनं निम्मा घोळ मिटला. मग डेटा 'रोजचं', कॉल 'रोजचं', आणि एसएमएस 'बँक'. एसएमएस वेगळा काहून, तर यूपीआय नव्या फोनात सुरू करताना अ‍ॅप फोनमधून एक एसएमएस पाठवतं, आणि तो बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच गेला पाहिजे. अ‍ॅप सिम विचारतं खरं, पण मागच्या वेळी मी चुकीचं दाबून दोनदा फेल झालो, आणि तिसऱ्यांदा बँक सिमचा पॅकच संपलेला, म्हणजे एसएमएस जाणारच कसा.

सगळं झालं, मी खूश. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना काटोलला फोन लावला आणि पाहतो तर कॉल पुन्हा 'बँक'वरून! अरे, काल तर सेट केलं ना! पोट्टं परत आलं. कधीतरी सिम विचारणाऱ्या खिडकीत 'हीच निवड लक्षात ठेवा' अशी टिक माझ्याकडून लागली होती, आणि ती टिक त्या एका कॉन्टॅक्टला चिकटून बसते, वरचं डीफॉल्ट काहीही असो. कॉल लॉगमध्ये प्रत्येक कॉलजवळ सिमचं नाव बारीक अक्षरात दिसतं, ते पाहिलं तर गेले आठ महिने सासूबाईंना सगळे कॉल 'बँक'वरूनच. काढायला त्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन सिमची पसंती बदलावी लागते, प्रत्येक फोनात जागा वेगळी, आमच्याकडं तीन टिंबांत सापडली.

काढली. संध्याकाळी 'रोजचं'वरून लावला, उचलला नाही. परत लावला, कट. तिसऱ्यांदा बायकोच्या फोनवर सासूबाईंचा कॉल आला, "अगं, कोणता तरी माणूस सारखा फोन करून राहिला, ब्लॉक कसं करतात ते सांग." जावईबापू म्हणून त्यांनी सेव्ह केला होता तो 'बँक'वाला नंबर!

मी गपचूप कॉन्टॅक्ट उघडला आणि ती पसंती परत 'बँक' करून ठेवली.