‘आयएम ९०, सबक्यू ४५’ एवढ्यावर सुई टोचू नका

“आयएम म्हणजे ९० अंश, सबक्यू म्हणजे ४५. आयएमची जागा कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग, तिथे ५ मिली आरामात बसतं. सुई टोचली की प्लंजर ओढून रक्त बघायचं, काढली की चोळायचं. एवढं पाठ असलं की प्रॅक्टिकलला मार्क कापता येत नाहीत.”

प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात हा मेसेज माझ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थिनीच्या फोनवर असतो. त्यातलं आयएमच्या ९० अंशांचं वाक्य बरोबर आहे. बाकीच्याने मार्क जातात, आणि वॉर्डात पेशंटला इजा होते.

त्वचेखालच्या इंजेक्शनचा कोन इंजेक्शनच्या नावावर ठरत नाही, चिमटीत किती चरबी येते त्यावर ठरतो. चिमटीत साधारण ५ सेंटीमीटर आलं तर सुई सरळ ९० अंशात, जेमतेम अडीच सेंटीमीटर आलं तर ४५ अंशात. सुईची लांबीही बघायची. इन्सुलिन पेनची ४ मिलीमीटरची सुई सरळच टोचायची असते. पाठांतराच्या भरात ती ४५ अंशात तिरकी केली तर टोक कातडीतच राहतं, तिथे पांढरट फुगवटा येतो आणि सुई काढल्यावर औषधाचा थेंब बाहेर दिसतो. उलट चूकही होते. सडपातळ माणसाच्या मांडीत इन्सुलिन सिरींजची लांब सुई सरळ घातली तर इन्सुलिन स्नायूत जातं, लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरते. ४५ अंश जिथे खरोखर हवेत त्याचं चांगलं उदाहरण आपल्या लसीकरणातच आहे: गोवर-रुबेलाची ०.५ मिली लस, बाळाच्या उजव्या दंडात, त्वचेखाली.

आता जागा. यावर मी जास्त बोलणार, कारण पायाचा पंजा लुळा पडलेला पेशंट मी पाहिला आहे. कुल्ल्यात मागून इंजेक्शन देताना खाली सायटिक नर्व्ह असते. ‘वरचा बाहेरचा भाग’ हा अख्ख्या कुल्ल्याचा, म्हणजे वर इलियाक क्रेस्टपर्यंत धरून मोजायचा असतो. परीक्षेत मुली काय करतात? कपडा चार बोटं खाली सरकवतात, जो मांसल गोळा दिसतो त्याचेच मनात चार भाग करतात आणि त्यातला वरचा बाहेरचा धरतात. ती जागा खाली आणि आत येते, नर्व्हच्या जवळ. शिवाय मागच्या बाजूला चरबीचा थर जाड असतो. अंगाने भरलेल्या बाईत एक इंची सुई बऱ्याचदा स्नायूपर्यंत पोहोचतच नाही, आणि आयएम म्हणून दिलेलं औषध चरबीत बसतं, गाठ धरतं.

म्हणून मोठ्या माणसात पहिली पसंती व्हेंट्रोग्लुटियल जागेला द्या. पेशंटला कुशीवर घ्या आणि वरचा गुडघा थोडा वाकवायला सांगा. उजव्या बाजूला द्यायचं असेल तर तुमचा डावा हात लागतो, डाव्या बाजूला उजवा. तळहाताचा मनगटाकडचा भाग ग्रेटर ट्रोकँटरवर, अंगठा जांघेकडे, तर्जनी पुढच्या टोकाच्या हाडावर, म्हणजे अँटेरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइनवर. मग मधलं बोट इलियाक क्रेस्टच्या कडेने मागे पसरवा. दोन बोटांत जो त्रिकोण होतो त्याच्या मध्यावर सुई. इथे मोठी नर्व्ह नाही, मोठी रक्तवाहिनी नाही, चरबीही कमी.

परीक्षेत इथली नेहमीची चूक म्हणजे ज्या बाजूला इंजेक्शन त्याच बाजूचा हात ठेवणं. मग अंगठा पाठीकडे जातो आणि पुढची सगळी मोजणी चुकते. एक्झामिनरला ते दारातूनही दिसतं. हाडं बोटांनी चाचपून तोंडाने सांगा. नुसत्या डोळ्यांनी जागा ठरवणाऱ्या मुलीला मी पुढचं पाऊल टाकू देत नाही. आणि सुई आत जाताना पेशंट “पायात वीज गेली” म्हणाला, तर तिथेच थांबून सुई बाहेर काढायची, औषध पुढे ढकलायचं नाही.

तान्ह्या बाळात यातलं काहीच नाही. त्याला मांडीच्या मधल्या तिसऱ्या भागात, पुढून बाहेरच्या अंगाला.

मात्रेचं बघू. धडधाकट मोठ्या माणसाच्या मोठ्या स्नायूत एका जागी ३ मिलीपर्यंत, वयस्क किंवा कृश माणसात २, दंडात १ (काही पुस्तकं दंडालाही २ पर्यंत जातात). त्वचेखाली साधारण १ मिली.

हे एका केसवर लावून बघा. साठीच्या बाई, वजन ४२ किलो, ऑर्डर डायक्लोफेनॅक ७५ मिलीग्रॅम आयएम, हातात ३ मिलीचं अँप्यूल. दंड बाद, औषध तिप्पट आहे. मागचा कुल्ला बाद, मांस कमी आणि नर्व्ह जवळ. व्हेंट्रोग्लुटियल जागा बरोबर, पण या बाईंसाठी ३ मिली एका जागी जास्त. तेव्हा एकतर तेच ७५ मिलीग्रॅम १ मिलीत येणारं अँप्यूल मागायचं, नाहीतर दोन सिरींजमध्ये दीड-दीड मिली भरून दोन्ही बाजूंना द्यायचं आणि दोन्ही जागा चार्टवर लिहायच्या. हे व्हायवात सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: मग एक्लॅम्पसियात मॅग्नेशियम सल्फेट १० मिली एका बाजूला कसं देतात? उत्तर असं की ५० टक्के द्रावणाच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम म्हणजे ५ अँप्यूल, १० मिली, खोल स्नायूत. तो जीव वाचवण्याचा ठरलेला प्रोटोकॉल आहे, दुखतं हे माहीत असूनही दिलेला. त्यावरून रोजच्या इंजेक्शनची मर्यादा ५ मिली ठरवता येत नाही.

राहिलं प्लंजर ओढणं आणि चोळणं. लस दंडात किंवा मांडीत देताना प्लंजर ओढायची गरज नाही. तिथे मोठी रक्तवाहिनी नाही, आणि सुई जितका वेळ आत राहील तितकं बाळ जास्त रडतं. इन्सुलिन आणि हेपॅरिनलाही नाही. कुल्ल्यात बेंझाथिन पेनिसिलिन देताना मात्र ओढायचंच, आणि ५ ते १० सेकंद धरायचं. परीक्षेत मुली निमिषभर ओढून सोडतात, त्यात छोट्या शिरेतलं रक्त येईलच असं नाही.

हेपॅरिन पोटावर दिल्यावर चोळलं तर दुसऱ्या दिवशी तिथे काळानिळा चट्टा असतो. एनॉक्सापॅरिनच्या भरून आलेल्या सिरींजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो आणि पूर्ण डोस द्यायचा असताना मुली सवयीने तो उडवतात, त्याबरोबर औषधही जातं. तो तसाच ठेवायचा. बेंबीपासून ५ सेंटीमीटर लांब, चिमटी शेवटपर्यंत धरून, सुई सरळ, नंतर फक्त कोरडा कापूस दाबून. लोहाचं इंजेक्शन झेड-ट्रॅकने देतात तेव्हा कातडी अडीच-तीन सेंटीमीटर बाजूला ओढून धरायची, औषध हळू सोडायचं, १० सेकंद थांबायचं, सुई काढायची आणि मगच कातडी सोडायची. इथे चोळलं तर औषध वर येऊन कातडीवर काळा डाग पडतो.

आणि प्लंजर ओढल्यावर रक्त आलं, तर? “सुईची दिशा बदलते” असं अर्ध्या मुली सांगतात. सुई पूर्ण बाहेर काढायची, ते औषध टाकून द्यायचं, नवी सिरींज भरायची आणि दुसऱ्या जागी द्यायचं.